आजी-आजोबांना पाळणा

'ताई, दादाला मुलगी झाली. आई-बाबा पहिल्यांदाच आजी-आजोबा झालेत. त्यांना काहीतरी छान द्यायचंय. चांदीची फ्रेम बघून ठेवलीय, पण ती कपाटात जाऊन बसेल असं वाटतं. काय देऊ?'

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका आत्याबाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. आई-वडील कराडला, वहिनी बाळंतपणाला नाशिकला माहेरी. बाळ सासरी येणार तिसऱ्या महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा मुलाकडचे आजी-आजोबा बहुतेक वेळा फोनवरच आजी-आजोबा होतात. नाशिकचे दोघं रात्री जागून दमलेले आणि कराडचे दोघं नुसते फोटो बघत बसलेले.

मी तिला विचारलं, 'बातमी कळल्यापासून दोघांनी आपणहून काय केलं?' जरा आठवून ती म्हणाली, आईने जुन्या सुती साड्या काढून धुऊन ठेवल्यात. बाबांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढला होता. पण 'आम्ही इथे नवा घेतलाय' असं विहीणबाई सहज बोलून गेल्या आणि पाळणा परत माळ्यावर गेला.

भेट तिथेच होती. तो पाळणा दुरुस्त करून घ्यायचा, खर्च आत्याचा. मात्र सुताराकडे जायच्या आधी वहिनीला फोन करायला सांगितला. पाळणा बाळाच्या आईला नको असेल, तर ती भेट पुढे घरातलं भांडण होते. 'तू आल्यावर पाळणा वापरशील का, आणि कुठल्या खोलीत ठेवायचा?' एवढंच विचारायचं होतं. वहिनीची पाळण्याला हरकत नव्हती. तिला धास्ती होती ती मधाचं बोट, घुटी आणि काजळाची. डॉक्टरांनी सहा महिने फक्त आईचं दूध सांगितलं होतं, आणि मध तर वर्ष होईपर्यंत नाहीच. ते दादाने स्वतः आई-बाबांशी बोलायचं ठरलं. असलं बोलणं सुनेवर ढकलू नये, हे मी प्रत्येक मुलाला सांगते.

मग पाळणा सुताराकडे गेला. बाबा टेप घेऊन सोबत. दोन गजांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. एका बाजूला फट मोठी निघाली, तिथे नवे गज बसवले. कड्या आणि साखळ्या बदलल्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो घरी खरवडायचा नाही असं मी बजावलं होतं. सुताराने तो घराबाहेर, त्याच्या पद्धतीने काढला आणि लाकूड तसंच ठेवलं. बाबांनी रोज तिथे चक्कर मारली. सुतार वैतागला असेल, पण बाबांना कितीतरी दिवसांनी काम मिळालं होतं.

आईचं प्रकरण मात्र अडलं. तिला पाळण्यात घालायला जाड गोधडी शिवायची होती. झोपलेल्या बाळाजवळ जाड पांघरूण किंवा उशी नको, ते तोंडावर येऊ शकतं, हे लेकीने सांगितलं तर आई फणकारली, 'तुम्ही दोघं काय हवेत वाढलात?' दोन दिवस अबोला. मग वहिनीनेच फोन केला, 'आई, दुपटी संपत आलीत, तुमच्या मऊ साड्यांची शिवाल का? आणि गोधडी जमिनीवर घालायला हवी, जागी असताना तिला पालथं ठेवायला.' गोधडी झाली, दुपटी झाली. गोधडीत एक पट्टा नाशिकच्या आजीच्या साडीचा घातला. ही कल्पना आईचीच, आमच्यापैकी कुणाची नाही.

तुमच्याकडे पाळणा नसेलही. तरी बातमी कळल्यावर त्या दोघांचे हात कशाकडे गेले ते बघा आणि पैसे तिथे खर्च करा. बारसं माहेरी असेल तर त्यांचं जाण्या-येण्याचं आरक्षण आणि राहण्याची सोयही करा. तुमचं काम तर ठरलेलंच आहे. बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या तुम्ही. ते दोघं तिथे नुसते पाहुणे वाटू नयेत, म्हणून पाळण्याखालून-वरून बाळ देताना कराडच्या आजीला एका बाजूला उभं करायचं, हे त्या वहिनीने आधीच आपल्या आईशी बोलून ठेवलं होतं. तुमच्या वहिनीलाही विचारून बघा.

एक मर्यादा सांगते. पाळणा थोड्या महिन्यांचाच. बाळ हातापायांवर उठू लागलं की तो बंद करायचा, हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो काढून ठेवताना पुन्हा नाराजी. आणि तुमचे आई-बाबा अजून नोकरीत किंवा आपल्या भिशीत, सहलीत रमलेले असतील, तर त्यांच्या गळ्यात काम घालू नका. त्यांना नातीला भेटायला जायची तिकिटं द्या. फ्रेमही चालेल, पण ती आत्ता रिकामी ठेवा. पहिल्या भेटीत नातीला मांडीवर घेतलेला फोटो तिच्यात घाला.