पहिले दीडशे रुपये खरेच येतात

*मॅडम, मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. आजोबांच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला पाऊण तास बोलायला बोलावलंय. विषय आहे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या खोट्या नोकऱ्या आणि अनोळखी नंबर. मोबाइलमधलं मला कळतं, पण सत्तरीच्या माणसांना काय आणि कसं सांगू? नुसतं 'सावध राहा' म्हणून कसं चालेल?*

पाऊण तासात दहा प्रकारच्या फसवणुकी सांगितल्यास, तर घरी पोहोचेपर्यंत त्यातली एकही कुणाच्या लक्षात राहणार नाही. एकच घे, 'टास्क'ची नोकरी. पण ती पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत उलगडून दाखव.

माझ्याकडे नातवाच्या प्रवेशासाठी येणारे एक निवृत्त शिक्षक यात अडकले होते. त्यांना अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "घरबसल्या काम, फक्त व्हिडिओ लाइक करायचे, एका लाइकचे 50 रुपये." त्यांनी तीन लाइक केले आणि खात्यात खरोखर 150 रुपये जमा झाले. इथे थांब आणि समोरच्यांना विचार, "आता तुमचा विश्वास बसला असता का?" बहुतेक हात वर येतील. फसवणूक उभी राहते ती याच दीडशे रुपयांवर. म्हणून 'हावरटपणा केला' असा शब्द चुकूनही वापरू नकोस. ज्याचे आधीच पैसे गेलेत असा माणूस त्या खोलीत बसलेला असू शकतो.

पुढे सरांना टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे लोक कमाईचे स्क्रीनशॉट टाकत होते. ते सगळे त्याच टोळीतले असतात. मग आला 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे मिळालेही. त्यानंतरचं काम तीन टप्प्यांचं निघालं, 5,000, मग 18,000, मग 40,000. मध्येच सोडलं तर आधीचे पैसे बुडतील, असं सांगितलं गेलं. भरले 63,000 आणि त्यांच्या वेबसाइटवर शिल्लक दिसत होती 86,400. काढायला गेले तर 25 टक्के 'टॅक्स' आधी भरा, म्हणजे आणखी 21,600. ही शिल्लक म्हणजे समोरच्याने टाइप केलेला नुसता आकडा असतो, हे फळ्यावर लिहून समजाव. खरं काम देणारा पगारातून कर कापून घेतो, पगार देण्याआधी तुमच्याकडून भरून घेत नाही.

ओळखायचं कसं, याची एक खूण सगळ्यांना जमेल अशी आहे. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसतं. सरांच्या तीन व्यवहारांत तीन वेगळी नावं होती, दोन माणसांची आणि एक कुठल्याशा ट्रेडर्सचं. मोठ्या कंपनीची नोकरी आणि पैसे मात्र अनोळखी माणसाच्या खात्यात, हे कधीच जुळत नाही. नाव वाचल्याशिवाय पिन टाकायचा नाही, एवढं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घे.

कुणी आपलं बँक खातं 'कामासाठी' मागत असेल, तर तेही सांग. त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे फिरवले जातात. खातं गोठवलं जातं आणि पोलिसांची चौकशी खातेदाराच्या दारात येते.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं नाही. पैसे ज्या खात्यात गेले तिथे अजून पडून असतील तर रोखता येतात, पण ते भराभर पुढे सरकवले जातात. फोन करताना रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी हवा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. टेलिग्रामवर समोरचा माणूस आपल्या फोनमधलेही त्या चॅटचे मेसेज पुसू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट आधी, भांडण नंतर. सरांनी आधी भांडण केलं आणि अर्ध्या तासात चॅट कोरी झाली. त्यानंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' असा फोन आला, तर तो फसवणुकीचा दुसरा अंक समजायचा.

बोलणं अर्ध्या तासात आटप. उरलेल्या वेळात प्रत्येकाला फोन हातात घ्यायला लाव आणि व्हॉट्सॲपमध्ये Settings → Privacy → Groups → My contacts ही निवड त्यांच्याच बोटाने करून घे, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. तिथेच Calls मध्ये Silence unknown callers आहे. पण ते सरसकट सुरू करू नकोस, व्हॉट्सॲपवरून फोन करणारे डॉक्टर किंवा परदेशातले नातेवाईक ज्यांच्याकडे सेव्ह नसतील, त्यांचे नंबर आधी सेव्ह करून दे. जाताना 1930 हा आकडा ठळक अक्षरात छापलेली चिठ्ठी प्रत्येकाला दे, फोनच्या कव्हरच्या आत मावेल एवढी.