मिनिट्समध्ये कॉमन सीलची नोंद कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने गोदामाच्या भाडेकरारावर सील लावलं. मिनिट्समध्ये साक्षीदारांची नावंही लिहायची का?

हो, ज्यांच्यासमोर सील लागलं त्यांची नावं लिहा; घरमालकाच्या बाजूने सही करणाऱ्या साक्षीदारांची गरज नाही. गोंधळ इथेच होतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या ‘टेबल एफ’प्रमाणे सील लावायला बोर्डाचा ठराव लागतो. शिवाय किमान दोन संचालक आणि सेक्रेटरी (किंवा बोर्डाने नेमलेली व्यक्ती) समोर हजर हवेत, आणि त्यांनीच दस्तावर सही करायची असते.

ठराव असा चालेल: ‘अमुक गोदामाच्या ३ वर्षांच्या भाडेकराराचा मसुदा सभेपुढे ठेवला, तो मंजूर झाला. त्यावर कंपनीचं सील श्री. अ आणि श्रीमती ब, संचालक, व श्री. क, सेक्रेटरी, यांच्या उपस्थितीत लावावं व त्यांनी सही करावी.’ प्रत्यक्ष सील नंतर लागलं, तर पुढच्या सभेत तारीख आणि सील रजिस्टरचा अनुक्रमांक देऊन एक ओळ टाका.

दस्तावरची तारीख ठरावाच्या आधीची असेल, तर ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो. अशा वेळी जुन्या मिनिट्समध्ये ओळ घुसवू नका. नव्या सभेत झालेलं काम मंजूर करून घ्या, खऱ्या तारखेसह.

मात्र आधी स्वतःचं आर्टिकल्स उघडून बघा. २०१५ पासून सील ऐच्छिक आहे. कंपनीने ते ठेवलंच नसेल, तर नियम वेगळा लागतो.