श्रावण वद्य की भाद्रपद कृष्ण?

प्रश्न : आमचे दीर गलाईच्या धंद्यानिमित्त कानपूरला असतात. जन्माष्टमी तिकडे भाद्रपदात, आमच्याकडे विट्यात श्रावणात. पण उपवास एकाच दिवशी. जाऊबाई म्हणतात, आपले पंचांग एक महिना मागे आहे. अमान्त आणि पूर्णिमान्त म्हणजे हेच का? आणि चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीही नाही आणि कोणीही मागे नाही. ‘उत्तरेत महिना पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून सणही आधी येतात’ हे वाक्य मी साताऱ्यात दर श्रावणात ऐकतो आणि दर श्रावणात चिडतो, कारण त्याचा पूर्वार्ध बरोबर आहे आणि उत्तरार्ध जवळजवळ सर्वस्वी खोटा आहे.

अमान्त महिना अमावास्येला संपतो, पूर्णिमान्त महिना पौर्णिमेला. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण पहिली रीत पाळतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश आणि पंजाबकडे दुसरी. (म्हणूनच ‘उत्तर आणि दक्षिण’ ही विभागणी ढोबळ आहे. गुजरात दक्षिणेत नाही, आणि तमिळ लोकांचे महिने तर मुळात सूर्यावर चालतात.) शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, म्हणून गणेश चतुर्थी सर्वत्र भाद्रपदातच येते. कृष्ण पक्ष मात्र आपल्याकडे महिन्याचा उत्तरार्ध असतो आणि त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचा पूर्वार्ध.

2024 साल समोर ठेवा. 19 ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली आणि त्या दिवशी कानपूरचा सावन संपला. आपला श्रावण त्या दिवशी निम्माच झाला होता. पुढे 26 ऑगस्टला अष्टमी आली. दोन्ही घरांतल्या भिंतीवरच्या पंचांगांत त्याच सोमवारच्या चौकोनावर बोट ठेवले असते, तर विट्यात ‘श्रावण वद्य 8’ दिसले असते आणि कानपुरात ‘भाद्रपद कृष्ण 8’. चंद्र एक, वार एक, उपवास एक. फरक फक्त नावाचा. महाशिवरात्र आपली माघ वद्यातली, त्यांची फाल्गुनातली. दिवाळीची अमावास्या आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. हे सगळे याच हिशेबाने.

आता शब्दाकडे येतो, कारण मला खरा रस तिथे आहे. ‘अमान्त’मधला ‘अमा’ पुष्कळांना नकारार्थी वाटतो, आणि एका व्याख्यानात तर ‘जिला मान नाही ती अमा’ अशी व्युत्पत्ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. ‘अमा’ हे जुने संस्कृत अव्यय असून त्याचा अर्थ ‘घरी’, ‘एकत्र’ असा आहे. सूर्य आणि चंद्र ज्या तिथीला एकत्र वस्तीला असतात ती अमावास्या. आणि याच ‘अमा’ला ‘त्य’ हा प्रत्यय लागून ‘अमात्य’ सिद्ध होतो : जो घरचा, सतत जवळ असणारा, तो. म्हणजे अष्टप्रधानांतला अमात्य आणि आपली काळीकुट्ट अवस यांचे मूळ एकच निघते. या अवसेला अशुभ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जाता जाता हेही सांगतो, की ‘अमावस्या’ लिहिले म्हणून कोणी लाल शाईने दुरुस्त करू नये. पाणिनीने दोन्ही रूपे मान्य केली आहेत.

‘पौर्णमासी’ या शब्दाबद्दल मात्र माझे काही विद्वानांशी उघड भांडण आहे. ते ‘जिच्यात मास पूर्ण होतो ती पौर्णमासी’ असा विग्रह करतात आणि त्यावरून पूर्णिमान्त रीतच मूळची असे ठासून सांगतात. इथला ‘मास’ महिना नव्हेच. ‘मास्’ म्हणजे खुद्द चंद्र, जो ‘चंद्रमा’ या शब्दात आजही बसलेला आहे. महिना हा त्याचा नंतरचा अर्थ. पूर्णमास म्हणजे पुरा चंद्र, बस्स. तैत्तिरीय संहितेत महिना अमावास्येला पुरा करण्याचा आणि पौर्णिमेला पुरा करण्याचा, असे दोन्ही उल्लेख आहेत. तेव्हा एका समासाच्या बळावर वडीलकीचा निकाल लावणे हा उतावळेपणा आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर हिशेबाचा सांगाडा अमान्तच आहे आणि पूर्णिमान्त हा त्यावर चढवलेला नावांचा अंगरखा आहे. पुरावा उत्तरेच्याच पंचांगात सापडतो. तिथे महिना पौर्णिमेला संपत असूनही पौर्णिमेचा आकडा 15 आणि अमावास्येचा 30 असाच छापतात. शिवाय अधिक मास पाहा. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, आणि हा मास अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच मोजावा लागतो, त्यांनाही. म्हणून 2023 साली उत्तरेतला सावन 4 जुलैला सुरू झाला, कृष्ण पक्ष संपताच 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत सबंध अधिक मास मध्ये शिरला, आणि निज सावनाचा उरलेला शुक्ल पक्ष त्यानंतर आला. एका महिन्याचे दोन तुकडे आणि मध्ये पाहुणा! आपल्याकडे अधिक श्रावण आधी आणि निज श्रावण नंतर, असा सरळ मामला होता.

हा नावाचा फरक जुने कागद वाचणाऱ्याला महागात पडतो. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तो दिवस मराठी गणनेने श्रावण वद्य 12, शके 1588, म्हणजे 17 ऑगस्ट 1666. आंबेरच्या कारभाऱ्याने तोच दिवस लिहिला तर तो ‘भादवा वदि 12’ असा लिहील. ही तिथी आपल्या सवयीने भाद्रपद वद्य समजून इंग्रजी तारीख काढली, तर ती सप्टेंबरच्या मध्यावर जाते आणि महाराज आणखी एक महिना आग्र्यातच अडकून पडतात. पडताळा सोपा आहे : तिथी शुद्ध पक्षातली असेल तर निर्धास्त राहावे, वद्य पक्षातली असेल तर कागद कुठे लिहिला गेला हे आधी विचारावे, आणि तो उत्तरेकडचा असेल तर महिना एकाने मागे घ्यावा.

तुमच्या जाऊबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की दोन ठिकाणी हा फरक केवळ नावाचा राहत नाही. महिनाभर चालणारे व्रत खरोखरच सरकते : 2024 मध्ये त्यांचे सावनाचे सोमवार 22 जुलैला सुरू झाले, आपले श्रावणी सोमवार 5 ऑगस्टला. दुसरे वटसावित्रीचे. आपण ज्येष्ठ पौर्णिमेला वड पुजतो, उत्तरेत ज्येष्ठ अमावास्येला. आणि त्यांची ज्येष्ठ अमावास्या ही आपली वैशाख अमावास्या असल्याने त्यांचे व्रत पंधरा दिवस आधी येते. त्या वर्षी कानपुरात ते 6 जूनला झाले आणि विट्यात 21 जूनला. तेव्हा जाऊबाई जूनमध्ये गावी येणार असतील, तर वडाचा उपवास कोणत्या पंचांगाने धरायचा हे त्यांनी कानपुरातून निघण्यापूर्वीच ठरवावे, नाहीतर दोनदा घडेल.