तीळ सांडू नका: 'सांडणे' म्हणजे नक्की काय?

प्रश्न: संक्रांतीला नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला ओळी केल्यात, 'तिळगुळ घ्या गोड बोला, जुने गिले शिकवे विसरा, आमचे तीळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका.' धाकटी बहीण म्हणते 'सांडू' नुसतं यमकासाठी आहे, अर्थ काही नाही, काढून टाक. काढू का? आणि तिळगुळ की तिळगूळ?

नका काढू! बाकी काहीही काढा पण ते 'सांडू' राहू द्या, त्या चार ओळींतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोलाचा शब्द तोच आहे. दरवर्षी जानेवारी आली की कुणीतरी मला हेच सांगतं, 'भांडू'ला जुळवायला 'सांडू' घातलंय, लहान मुलांचं गाणं आहे हो ते. आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो.

आधी शुद्धलेखन उरकून टाकते. तिळगूळ. ति पहिली, गू दुसरा. सुटे शब्द तीळ आणि गूळ, दोन्ही दीर्घ, पण जोडशब्द झाला की तीळ पुढे सरकतो आणि त्याची ई आखडते, शेवटच्या आधीचं अक्षर मात्र दीर्घच राहतं. प्रत्यय लागला की तेही ह्रस्व होतं, तिळगुळाचा, तिळगुळाला. तुमच्या ओळीत प्रत्यय नाहीये म्हणून गू दीर्घ. काही जण दूधभातकडे बोट दाखवून 'तीळगूळ' लिहायचा आग्रह धरतात. मला ते अजिबात पटत नाही. दूधभातात दूध आणि भात दोन पदार्थ वेगळे दिसतात, तिळगूळ ही तळहातावर ठेवायची एकच वस्तू आहे.

आता सांडणे. आज आपण सांडणे म्हणजे चुकून खाली पडणं समजतो, चहा सांडला, पोहे सांडले. हा अर्थ खराच आहे पण तो शब्दाचा उरलेला तुकडा आहे. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे सोडणं, टाकून देणं, त्याग करणं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची, आणि तिच्या शेवटी पसायदानात काय म्हटलंय? 'जे खळांची व्यंकटी सांडो.' आपण हे शाळेपासून म्हणतोय. दुष्टांचा वाकडेपणा सुटो, त्यांच्यातून निघून जावो. तिथे कुणी व्यंकटी फरशीवर सांडत नाहीये! आणि दोनच चरण पुढे 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें'. म्हणजे वाकडेपणा सांडायचा आणि मैत्र जोडायचं, ही सातशे वर्षांपूर्वीची मागणी आणि तुमच्या ग्रुपवरची मागणी, दोन्हींत क्रियापद एकच आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पोळ्या करत होते, गॅस बंद करून कोश काढायला उठले होते.

शब्दाचा प्रवास सांगते, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करते. संस्कृतात छर्द् हा धातू, त्याचा एक अर्थ ओकणं, बाहेर टाकणं, आयुर्वेदात उलटीला छर्दी म्हणतात ना, तोच. प्राकृतात त्याचं छड्ड, छंड झालं आणि अर्थ पसरला, टाकणं, सोडून देणं. जुन्या हिंदीत, ब्रजमध्ये, त्याचं छाँड़ना झालं. मराठीला जुना छ फार वेळा पचत नाही, ती त्याचा स करते, छुरिकाची सुरी झाली, छायेची सावली झाली, तसं छांडचं सांड झालं. म्हणजे ब्रजमधलं 'छाँड़ि' आणि आपलं 'सांडून' या सख्ख्या बहिणी. एकीचा अर्थ सोडून देणं असाच राहिला, दुसरीचा घरंगळत घरंगळत ताटातून फरशीवर आला.

आणि तो जुना अर्थ मेलेला नाहीये, आपल्याला दिसत नाही इतकंच. सांडपाणी घ्या. ते चुकून सांडलेलं पाणी असतं का? ते वापरून टाकून दिलेलं पाणी. धरणाचा सांडवा घ्या, जास्तीचं पाणी मुद्दाम सोडून द्यायची वाट. 'लाज सांडली' म्हणतो तेव्हा लाज धक्का लागून पडलेली नसते, माणसाने ती सोडलेली असते. तीन शब्द, तिन्ही रोजचे, तिन्हींत टाकणं-सोडणं आहे.

आता माझं मत ऐका, इथे माझं बऱ्याच लोकांशी वाजतं. 'तीळ सांडू नका'चा अर्थ सरसकट असा सांगितला जातो की तीळ बारीक असतात, हातातून गळतात, अन्न वाया घालवू नका. छान शिकवण आहे, पण वाक्य नीट बघा. दोन ओळी एकाच साच्यात आहेत, आमचे तीळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका. भांडणं ही मुद्दाम करायची गोष्ट आहे, चुकून कुणी भांडत नाही. मग तिच्या जोडीला 'चुकून खाली पाडू नका' कसं बसेल? आणि 'आमचे' का म्हटलंय? अन्नाची नासाडी नको असती तर नुसतं 'तीळ सांडू नका' पुरलं असतं. आमचे तीळ, म्हणजे आम्ही दिलेले, त्यांना टाकू नका, झिडकारू नका. दिलेली वस्तू टाकणं म्हणजे देणाऱ्याला टाकणं, म्हणून लगेच पुढे आमच्याशी भांडू नका. यमक आहेच, नाही कोण म्हणतंय, पण इथे यमकाने अर्थाला धरून ठेवलंय. फरशीवाला अर्थ मुलांना आधी सुचतो आणि तो गाण्यात चालतोही, पण जुना अर्थ त्याच्या खाली आहे असं मी ठामपणे म्हणते.

ठामपणाचं कारण आमच्या घरातलं आहे. माझी एक आत्या आणि एक काकू यांच्यात तीन वर्षं अबोला होता, कारण सांगत बसत नाही. संक्रांतीला आत्या आली, काकूने सगळ्यांबरोबर तिच्याही हातावर तिळगूळ ठेवला. आत्याने मूठ मिटली, तोंडात टाकला नाही, निघताना दाराजवळच्या कोनाड्यात हळूच ठेवून गेली. एक दाणा खाली पडला नव्हता. आजीने तो कोनाड्यातला लाडू पाहिला आणि म्हणाली, "सांडला गं तिने." मी नऊ-दहा वर्षांची, मी खाली वाकून तीळ शोधायला लागले, तर आजी म्हणाली, "खाली नाही, तिथे बघ." आजी शाळेत गेलेली नव्हती, तिला छर्द् माहीत नव्हता, पण शब्दाचा जुना अर्थ तिच्या तोंडात जिवंत होता. पुढच्या वर्षी आत्याने तिथेच उभं राहून खाल्ला आणि मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा आजी काही बोलली नाही, पण कोनाडा बघून आली एवढं मला आठवतंय.

भांडण्याबद्दलही एक सांगायचंच आहे, कारण ग्रुपांवर ते 'भांड्याला भांडं लागतं म्हणून भांडण' फिरत असतं आणि लोक ती व्युत्पत्ती समजतात. चूक आहे ते. भांडं हे संस्कृत भाण्ड, पात्र. भांडण वेगळ्या घरचं, पालीत भण्डन म्हणजे कलह, आणि मागे भण्ड् धातू, ज्याचा अर्थ दोष देत, टोचून बोलणं. म्हणजे भांडण मुळात हाणामारी नाही, बोलण्याचाच एक प्रकार आहे. म्हणून 'गोड बोला' आणि 'भांडू नका' ही एकच विनंती आहे, एकदा सरळ आणि एकदा उलटी. भांड्याची म्हण म्हणून वापरा, उत्तम म्हण आहे, तिला कोशात बसवू नका.

आता तुमच्या ओळी. 'गिले शिकवे' काढा. हिंदी पिक्चरमधून आलंय आणि मराठीत याला इतके नेमके शब्द असताना उसना कशाला? पण निवडताना भांडण किती जड आहे ते बघा. मानपान, फोन केला नाही, लग्नात विचारलं नाही, असं असेल तर रुसवेफुगवे. मनात काहीतरी साचलंय पण कुणी बोलत नाही, तर किल्मिष. एकमेकांच्या चुका काढणं चाललेलं असेल तर उणंदुणं. 'हेवेदावे' मात्र जपून. त्यातला दावा म्हणजे कोर्टातलाच दावा, अरबीतून आलेला, आणि तुमच्या नात्यात जमिनीचा किंवा घराचा खरोखरचा दावा चालू असेल तर 'हेवेदावे विसरा' वाचून माणसाला वाटेल आपल्याला केस मागे घ्यायला सांगतायत. एका घरात असं झालेलं मला माहीत आहे, शुभेच्छेवरूनच नवीन भांडण निघालं.

दुसरं, 'विसरा' नको. आपल्यापेक्षा मोठ्यांना आज्ञार्थात 'विसरा' म्हणणं म्हणजे धरून तुम्हीच बसलायत असं सांगणं. मराठीकडे आम्ही आणि आपण असे दोन वेगळे शब्द आहेत, एकात ऐकणारा बाहेर, दुसऱ्यात आत. तीळ देताना 'आमचे' बरोबर, कारण देणारे आम्ही, घेणारे तुम्ही. भांडण सोडताना मात्र 'आपण' हवं, कारण ते दोघांचं असतं. आणि सोडायचंच आहे तर क्रियापद तेच वापरा, जुन्या अर्थाने, मग बहिणीला ते यमकापुरतं आहे असं म्हणता येणार नाही:

तिळगूळ घ्या, गोड बोला,
उणंदुणं आपण सांडूया,
आमचे तीळ सांडू नका,
आमच्याशी भांडू नका.

दुसऱ्या ओळीत सांडायचं, तिसरीत सांडायचं नाही. कुणी विचारलं की एकदा सांडा म्हणता आणि एकदा नका म्हणता, हे काय, तर त्यांना पसायदानातली ती ओळ पाठवा.