ऑफर स्वीकारली, आणि मग बहिणीचा मुहूर्त निघाला

"मॅडम, मी नाशिकला एका कंपनीत तीन वर्षं क्वालिटी इंजिनिअर आहे. पुण्याच्या कंपनीची ऑफर स्वीकारून इथे राजीनामा दिलाय. इथला शेवटचा दिवस शुक्रवार, २८ नोव्हेंबर आणि तिथे जॉइनिंग सोमवारी, १ डिसेंबरला. ऑफर स्वीकारल्यावर आठ दिवसांनी धाकट्या बहिणीचं लग्न ७ डिसेंबरला ठरलं. बाबा म्हणतात, महिनाभर पुढे ढकल. मैत्रीण म्हणते, नोटीस पिरियड वाढला म्हणून सांग. तारीख मागितली तर ऑफर जाईल का?"

तारीख बदलून मागितली म्हणून ऑफर जाणं क्वचितच घडतं. मात्र एचआरच्या मनात लगेच एक शंका येते, की हिच्या हातात दुसरी ऑफर असेल आणि ही वेळ काढतेय. तसे उमेदवार त्यांना सतत भेटतात. त्यामुळे तुला तारीख मागायची आहेच, पण त्याच वेळी ही शंकाही दूर करायची आहे.

मैत्रिणीचा सल्ला मुळीच ऐकू नकोस. जॉइन होताना तू रिलीव्हिंग लेटर देशील, त्यावर २८ नोव्हेंबरच छापलेलं असेल. खोटं पहिल्याच दिवशी कागदावर उघडं पडेल.

आधी घरात बसून नेमके दिवस ठरव. महिना मागू नकोस, लग्नाला महिना लागत नाही आणि हे एचआरलाही माहीत असतं. रविवारी लग्न, मंगळवारी सत्यनारायण, त्यानंतर पाहुण्यांची पाठवणी. म्हणजे सोमवार, १५ डिसेंबर ही मागायची तारीख, आणि अगदीच अडलं तर बुधवार, १० डिसेंबर. १० तारीख मनात ठेव, पहिल्या फोनवर बोलू नकोस.

आता फोन. ज्यांनी ऑफर लेटर पाठवलं त्या एचआरला याच आठवड्यात कर. नोव्हेंबरच्या शेवटी कळवलंस तर तोवर तुझा लॅपटॉप, आयडी कार्ड, इंडक्शन सगळं ठरलेलं असेल, आणि मग चांगला माणूसही वैतागतो. फोनवर एक प्रश्न आवर्जून विचार: १ तारखेला बॅचचं इंडक्शन किंवा ऑडिटसारखं काही आहे का? क्वालिटीत ऑडिटची तारीख हलत नाही. तसं काही असेल तर १ तारखेलाच जॉइन हो आणि ४ ते ९ डिसेंबरची रजा आधीच लेखी मंजूर करून घे. नव्या माणसाच्या खात्यात रजा नसते, त्यामुळे ती बिनपगारी असेल, हे धरून चाल.

फोन झाला की त्याच दिवशी, ऑफरच्याच मेलला उत्तर म्हणून मेल टाक आणि ज्यांच्या हाताखाली काम करणार आहेस त्या मॅनेजरनाही सीसीत ठेव. मेल इंग्रजीत जाईल, पण त्यात म्हणायचंय एवढंच:

"ऑफर स्वीकारल्यानंतर माझ्या बहिणीचं लग्न ७ डिसेंबरला ठरलं. त्यामुळे १ ऐवजी १५ डिसेंबरला रुजू होण्याची परवानगी मिळावी. माझा राजीनामा मंजूर झाल्याचा मेल सोबत जोडला आहे. पडताळणीची कागदपत्रं या आठवड्यात पाठवते. तारीख मान्य असल्यास सुधारित ऑफर लेटर द्यावं, ही विनंती."

राजीनामा मंजूर झाल्याचा तो मेल शंकेवरचा खरा उतारा आहे. परतीची वाट तू बंद केली आहेस, हे त्यातून दिसतं. पत्रिका छापून आली असेल तर तीही जोड. आपल्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

सुधारित पत्राचा आग्रह मी का धरते ते सांगते. बऱ्याच ऑफर लेटरमध्ये एक ओळ असते, की ठरलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ऑफर रद्द समजावी. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला एचआरने फोनवर "चालेल, या" म्हटलं होतं. मधल्या काळात त्या बाईंनीच नोकरी सोडली. हा नव्या तारखेला गेटवर पोहोचला, तेव्हा यादीत त्याचं नाव नव्हतं. पत्र पुन्हा निघेपर्यंत तीन आठवडे तो पगाराशिवाय घरी बसला. पत्र नाही तर निदान "१५ डिसेंबर मान्य" एवढं उत्तर मेलवर हवंच.

नाशिकचा शेवटचा दिवस पुढे नेता येईल का, हेही तुझ्या मनात आलं असेल. त्याचा उपयोग नाही. नोटीसमध्ये रजा सहसा देत नाहीत, म्हणजे लग्नाच्या आठवड्यात तू तिथे कामावर असशील. दोन आठवड्यांचा पगार बुडणार, तो धरून चाल. पीएफची काळजी नको, यूएएन तोच राहतो. मेडिक्लेमकडे मात्र लक्ष दे. कंपनीचा विमा साधारण शेवटच्या दिवशी संपतो आणि नवा रुजू झाल्यावर सुरू होतो. आई-बाबा तुझ्या पॉलिसीत असतील तर लग्नाच्या धावपळीत त्यांच्यावर विमा नसेल. त्यांची एखादी तपासणी किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवलेलं असेल तर ते २८ नोव्हेंबरच्या आत उरकून घे.

आणि पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट नव्या तारखेचं उत्तर मेलवर आल्यावरच भर.