लग्नाच्या ग्रुप फोटोत न आलेल्या मावशीला बसवायचंय, फोटोग्राफरला मेसेज कसा करू?

प्रश्न : गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मोठी मावशी लग्नाला येऊ शकली नाही. स्टेजवरच्या फॅमिली फोटोत तिला घालून द्या, हे फोटोग्राफरला कसं लिहू?

उत्तर : मी लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग करते. ‘मावशीला अ‍ॅड करा ना प्लीज’ एवढंच लिहून सोबत दुसऱ्या कार्यक्रमातला, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो, असे मेसेज भरपूर येतात. त्यातून काही चांगलं होत नाही. शेजारच्यांच्या चेहऱ्यांवर सुरकुत्यासुद्धा दिसतात आणि मावशी मात्र धुरकट.

त्यामुळे मेसेजच्या आधी मावशीचा नवा फोटो काढा, अर्थात तिला विचारून. लग्नात नेसली असती ती साडी नेसू दे. ग्रुप फोटो नीट बघा : उजेड कोणत्या बाजूने आलाय, कॅमेरा किती उंचीवर होता? स्टेजवर बहुतेकदा दोन्हीकडून छत्रीचे फ्लॅश असतात, म्हणजे सावल्या मऊ. घरात खिडकीकडे तोंड करून बसवलं की साधारण तसाच उजेड मिळतो. घरातला पिवळा दिवा बंद ठेवा, तो रंग चेहऱ्यावरून काढताना जीव जातो. मोबाईल आठ-दहा फुटांवर धरून थोडं झूम करा. जवळून काढला तर नाक मोठं येतं.

आता जागा. मागच्या रांगेत उभं दाखवलं तर फक्त डोकं-खांदे लागतात, काम सोपं. पण मोठ्या मावशीला मागे उभं केलेलं घरात चालणार नाही, हे मला माहीत आहे! पुढे खुर्चीवर हवी असेल तर खुर्चीवर बसलेलाच, पावलांसकट फोटो लागतो आणि पायांखालची सावली वेगळी तयार करावी लागते. त्याचे पैसे जास्त पडतात.

मग असं लिहा :

“नमस्कार दादा, स्टेजवरच्या फॅमिली फोटोत (DSC_4127) माझ्या मोठ्या मावशीला आईच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसलेलं दाखवता येईल का? त्यासाठी काढलेले तीन फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतेय, बसेल तो घ्या. मावशी आईपेक्षा थोडी बुटकी आहे. मूळ फोटोही तसाच हवा आहे. याचे वेगळे किती होतील ते सांगा आणि अल्बम प्रिंटला जाण्याआधी एकदा दाखवा.”

फाईल नंबर दिला नाही तर एकाच ग्रुपच्या सात-आठ फ्रेममधून तुमची आवडती शोधायची कशी? आणि कोणाची डावी बाजू, हेही लिहा. नुसतं ‘डावीकडे’ म्हटलं की बघणाऱ्याची की आईची, यावर हमखास गोंधळ होतो. ग्रुप फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन जागेवर गोल केलात तर उत्तमच.

तयार फोटो आला की आधी मावशीचं डोकं आणि आईचं डोकं शेजारी धरून मापून बघा. जोडलेला माणूस बहुतेकदा तिथेच पकडला जातो.