मुलाखतीनंतरचा मेल आणि माझ्या दादाचा 'लाळघोटेपणा'

"मुलाखतीनंतर आभाराचा मेल पाठवायचाय. मी या कामाला योग्य आहे हे कसं सांगू? लिहिलं की रेझ्युमेच परत उतरवल्यासारखं वाटतं."

वाटतं म्हणजे तसंच झालं असणार. मीही एकदा 'सहा वर्षांचा अनुभव, टीम सांभाळली' असं लिहून एकच मेल तिघांना पाठवला होता. तिघं एकाच खोलीत बसणारे! उत्तर कुणाचंच आलं नाही.

पुढची मुलाखत गोदामाच्या हिशोबाच्या कामासाठी होती. तिथल्या प्रमुख बाई बोलता बोलता म्हणाल्या, की परत आलेल्या मालाच्या नोंदी उशिरा होतात, त्यामुळे महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही. मी नुसतं "हो, हाताळलंय" म्हणालो आणि घरी येऊन चडफडत बसलो. त्याच संध्याकाळी मेल लिहिला. आभाराची एक ओळ, आणि मग हे:

"परत आलेल्या मालाबद्दल तुम्ही बोललात, ते डोक्यात राहिलं. आमच्याकडेही तेच व्हायचं. मग माल गेटवर उतरला की लगेच कच्ची नोंद आणि तपासणी झाली की पक्की, अशी पद्धत लावली. फरक शोधायला चार दिवस लागायचे, तिथे एक लागू लागला. फुटलेल्या मालाचा घोळ मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. तुमच्याकडे तपासणी गेटवर होते की आत, हे विचारायचं राहिलं."

यातलं काहीच रेझ्युमेत नव्हतं. तिथे फक्त 'स्टॉक व्यवस्थापन' असे दोन शब्द होते. दुसऱ्या फेरीत बाईंनी सुरुवातच फुटलेल्या मालापासून केली. न सुटलेली गोष्ट कबूल केली म्हणूनच बाकीचं त्यांना खरं वाटलं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी स्वतःहून सांगितलेली एकच अडचण उचला आणि तिच्याशी तुमचा एकच प्रसंग जोडा. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य दुसऱ्या कंपनीला जसंच्या तसं चालेल का ते बघा. चालत असेल तर खोडा. आणि त्यांची अडचण कशी सोडवायची याचा आराखडा पाठवू नका. तासाभराच्या गप्पांत त्यांचं घर आपल्याला कळलेलं नसतं.

माझा मोठा भाऊ याला आजही लाळघोटेपणा म्हणतो. दादा, लाळघोटेपणा म्हणजे 'आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास कृतार्थ होईन'. मी बाईंना त्यांच्या गेटबद्दल प्रश्न विचारला होता. आणि तू स्वतः मुलाखती घेतोस, तेव्हा दोन दिवसांनी उमेदवारांची नावं तरी आठवतात का तुला?

हां, मुलाखतच पार फसली असेल तर मेलने काही होत नाही. थेट संपर्क करू नका असं सांगितलं असेल, तर ज्यांनी मुलाखत ठरवली त्यांच्यामार्फतच पाठवा. आणि त्यांनी कुठलीच अडचण बोलून दाखवली नसेल, तर दोन ओळींत आभार माना आणि थांबा.